दुकान इथे, गल्ला तिकडे

कोलकात्यात राइट फ्लोरिस्ट्स नावाची फुलविक्री करणारी कंपनी आहे. दोन दशकांपूर्वी तिने ग्राहक मिळवण्यासाठी गूगल आणि याहू या सर्च इंजिनांवर जाहिराती दिल्या. कुणी इंटरनेटवर फुलांशी संबंधित शब्द शोधले, की निकालांच्या बाजूला या कंपनीची जाहिरात दिसायची. त्यापोटी कंपनीने एका वर्षात सुमारे ३० लाख रुपये परदेशी पाठवले. गूगलचे पैसे आयर्लंडमधल्या कंपनीला गेले आणि याहूचे अमेरिकेतल्या कंपनीला. पैसे पाठवताना टीडीएस कापला नाही, म्हणून आयकर अधिकाऱ्याने हा खर्चच नामंजूर केला. परदेशी कंपनीने भारतात कमाई केली आहे, तेव्हा तिच्यावर इथे कर लागतो आणि तो कापून घेण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची होती, असे त्याचे म्हणणे होते.

प्रकरण आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या कोलकाता खंडपीठाकडे गेले आणि एप्रिल २०१३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायाधिकरणाचा प्रश्न साधा होता. या परदेशी कंपन्यांची भारतात कर लावण्याजोगी जागा आहे का? वेबसाइट ही जागा होत नाही. ती ज्या सर्व्हरवर चालते तो भारतात असता तर विचार करता आला असता, पण तो इथे असल्याचे कुणी दाखवले नव्हते. जागा नाही, म्हणून व्यवसायाच्या नफ्यावर भारताचा कर नाही, आणि कर नाही म्हणून टीडीएसही नाही. आभासी जगातल्या व्यापाराला कायद्यातली ही जुनी कसोटी अपुरी पडते, हेही न्यायाधिकरणाने निकालपत्रात नोंदवले. पण कसोटी बदलण्याचे काम न्यायाधिकरणाचे नव्हते.

जाहिरात देणारा भारतीय, पाहणारा भारतीय, फुले भारतीय, घेणाराही भारतीय. असे असताना त्या जाहिरातीच्या नफ्यावर भारताला एक रुपयाचाही आयकर मिळू नये, हे कसे घडले? याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षे मागे जाते.

जागेचा नियम कुठून आला

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या सरकारांवर कर्जांचे डोंगर होते आणि आयकराचे दर चढत होते. एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशात धंदा केला, तर दोन्ही देश त्याच नफ्यावर कर मागत. व्यापाराची त्यात कोंडी होत होती. राष्ट्रसंघाने हा प्रश्न चार अर्थतज्ज्ञांवर सोपवला. नेदरलँड्सचे ब्रुइन्स, इटलीचे आयनाउदी, अमेरिकेचे सेलिग्मन आणि ब्रिटनचे स्टॅम्प. यांतले आयनाउदी पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९२३ मध्ये त्यांनी अहवाल दिला. माणसाचे किंवा कंपनीचे आर्थिक नाते ज्या देशाशी आहे, त्या देशाला करात वाटा मिळावा, हे त्याचे सूत्र होते. संपत्ती निर्माण कुठे होते, ती राहते कुठे आणि खर्च कुठे होते, हे पाहून ते नाते ठरवायचे होते.

पण सूत्रावरून कर वसूल करता येत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला दाखवता येईल अशी खूण लागते. १९२८ मध्ये राष्ट्रसंघाने नमुना करार तयार केले आणि कार्यालय, कारखाना, शाखा, खाण, प्रतिनिधी अशा खुणांना त्यांत स्थान मिळाले. आजच्या करारांत याला कायम आस्थापना म्हणतात आणि सीएंच्या बोलण्यात ती नुसती ‘पीई’ असते. नियम असा, की परदेशी कंपनीची तुमच्या देशात कायम आस्थापना असेल, तरच तिच्या व्यवसायाच्या नफ्यावर तुम्ही कर लावू शकता, आणि तोही त्या आस्थापनेमुळे झालेल्या नफ्यापुरता. आस्थापना नसेल तर सगळा कर कंपनीच्या मायदेशाचा.

त्या काळात हा नियम अजिबात अन्यायकारक नव्हता. मँचेस्टरच्या कापड कंपनीला मुंबईत मोठा धंदा करायचा, तर गोदाम लागे, कारकून लागत, दलाल लागत. धंदा जितका मोठा, तितका इथला पसारा मोठा. म्हणून पसारा मोजला की धंद्याचा अंदाज येई. नियमाची सगळी ताकद या एका गृहीतकात होती. भारताने अमेरिका, आयर्लंड, सिंगापूर आणि इतर अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे जे करार केले आहेत, त्या सर्वांचा कणा हाच आहे. शिवाय आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की कायदा आणि करार यांत फरक असेल, तर करदात्याला जे अधिक फायद्याचे तेच लागू होते. त्यामुळे संसदेने आपल्या कायद्यात कितीही व्यापक तरतूद केली, तरी करारातली कायम आस्थापना तिच्या आड येते.

गृहीतक कुठे मोडले

ऑनलाइन धंद्याने पसारा आणि व्यवसाय यांचे नातेच तोडले. सर्च इंजिन, समाजमाध्यम किंवा अॅप स्टोअर एका देशात कोट्यवधी लोकांपर्यंत पोचते आणि त्यासाठी तिथे एक खोलीही घ्यावी लागत नाही. आणखी दहा लाख वापरकर्ते आले तरी त्यांच्यासाठी नवी शाखा उघडावी लागत नाही.

पण अशा कंपन्यांची भारतात कार्यालये तर दिसतात, असे कुणी म्हणेल. ती आहेतच. गुंता कुणाची कार्यालये कोणते काम करतात यात आहे. जाहिरातीचा करार आयर्लंड किंवा सिंगापूरमधल्या कंपनीशी होतो. भारतातली कंपनी कायद्याने वेगळी असते. ती तांत्रिक मदत करते, विपणन करते किंवा जाहिरातीची जागा घाऊक घेऊन पुढे विकते. तिला तिच्या कामाचा मोबदला मिळतो आणि त्यावरच्या नफ्याचा कर ती इथे भरते. मूळ सॉफ्टवेअरचा, ब्रँडचा आणि वापरकर्त्यांच्या माहितीतून होणारा मोठा नफा मात्र परदेशातल्या कंपनीच्या वहीत जातो. आयर्लंडमध्ये कंपन्यांवरचा कर बराच काळ साडेबारा टक्के होता, हेही अशी रचना तिथे उभी राहण्याचे एक कारण होते.

यात बेकायदा काही नसते, आणि हेच लक्षात घ्यायला हवे. करचुकवेगिरी असेल तर ती शोधता येते. इथे कंपनी कायद्याची प्रत्येक ओळ पाळते आणि तरीही बाजाराच्या देशाला काही मिळत नाही. आयकर खात्याने दुसऱ्या वाटाही चाचपून पाहिल्या. जाहिरातीचे पैसे म्हणजे तंत्रज्ञान वापरण्याची रॉयल्टी, असे म्हटले तर आस्थापना नसतानाही कर लावता येतो, कारण रॉयल्टीसाठी करारात वेगळे कलम असते. गूगलच्या भारतीय कंपनीच्या प्रकरणात बंगळुरूच्या न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये हे मान्यही केले. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॉफ्टवेअरच्या प्रकरणात रॉयल्टीचा अर्थ काटेकोर लावला आणि त्यानंतर ही वाटही अरुंद झाली.

या सगळ्याचा फटका बसणारा इथलाच कुणीतरी असतो. मराठी वर्तमानपत्र जाहिरात छापते, तेव्हा त्या नफ्यावर भारतात पूर्ण आयकर भरते. त्याच वाचकाला तीच जाहिरात मोबाइलवर दाखवणारी परदेशी कंपनी इथे तो भरत नाही. दोघांची स्पर्धा एकाच जाहिरातदारासाठी असते. तराजूचे एक पारडे कायद्यानेच जड करून ठेवलेले असते.

भारताने काढलेला मार्ग

राइट फ्लोरिस्ट्सच्या निकालानंतर केंद्र सरकारने ऑनलाइन व्यापारावरच्या कराचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या शिफारशीवरून २०१६ च्या अर्थसंकल्पात इक्वलायझेशन लेव्ही आली. १ जून २०१६ पासून ती लागू झाली. लोकांनी तिला सरळ ‘गूगल टॅक्स’ म्हटले. भारतात आस्थापना नसलेल्या परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीसाठी दिलेल्या रकमेवर ६ टक्के लेव्ही, असा तो नियम होता. एका कंपनीला वर्षात एक लाख रुपयांपर्यंतच पैसे दिले असतील, तर ती लागत नसे.

यातली खरी कारागिरी लेव्ही कुठे ठेवली यात होती. ती आयकर कायद्यात घातलीच नाही. २०१६ च्या वित्त कायद्यात स्वतंत्र प्रकरण करून तिथे ठेवली. दुहेरी करआकारणीचे करार आयकराला लागू होतात. लेव्ही आयकरच नाही, म्हणून करारातली कायम आस्थापनेची अट तिच्या आड येणार नाही, असे गणित होते. आणि जिथे लेव्ही भरली त्या उत्पन्नावर पुन्हा आयकर लागू नये म्हणून त्याला आयकरातून सूट दिली. कायद्याच्या दृष्टीने युक्ती चोख होती. पण तिची किंमतही याच रचनेत दडलेली होती. ही रक्कम आयकर नसल्यामुळे परदेशी कंपनीला तिच्या मायदेशात त्याचे क्रेडिट मिळणे कठीण झाले. आयकर असता तर इथे भरलेला कर तिथल्या करातून वजा झाला असता. लेव्ही मात्र मायदेशातल्या कराच्या वर जाऊन बसे.

ती प्रत्यक्षात कशी चाले, ते कोल्हापूरच्या एका काल्पनिक चप्पल व्यापाऱ्याच्या उदाहरणाने पाहू. त्याने वर्षभरात परदेशी कंपनीकडे थेट १० लाख रुपयांच्या ऑनलाइन जाहिराती दिल्या असे धरा. कायद्याप्रमाणे त्याने ६० हजार रुपये कापून सरकारकडे भरायचे आणि कंपनीला ९ लाख ४० हजार द्यायचे. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत जमा करायची आणि वर्षाअखेर विवरणपत्र भरायचे. पण ऑनलाइन जाहिरातीत घासाघीस करायला समोर माणूस नसतो. स्क्रीनवर एक किंमत येते, कार्डातून पूर्ण पैसे जातात आणि मग जाहिरात सुरू होते. व्यापारी कंपनीला ‘मी सहा टक्के कापतो’ असे सांगू शकत नाही. कापले नाही तरी सरकारला ती रक्कम देण्याची जबाबदारी त्याचीच, आणि न भरल्यास जाहिरातीचा खर्च आयकरात वजावट म्हणून नाकारला जाण्याची टांगती तलवार. म्हणून तो कंपनीला पूर्ण १० लाख देतो आणि ६० हजार स्वतःच्या खिशातून भरतो. परदेशी कंपनीवर लावलेला कर कोल्हापूरच्या दुकानदाराने भरला, असा त्याचा अर्थ.

दुसरी अडचण लेव्ही कशावर मोजायची याची आहे. आयकर नफ्यावर असतो, लेव्ही एकूण रकमेवर. एका कंपनीचा नफा विक्रीच्या ३० टक्के असेल, तर ६ टक्के लेव्ही म्हणजे तिच्या नफ्याचा पाचवा हिस्सा. तो काही भयंकर नाही. पण दुसरी कंपनी अजून जम बसवत असेल आणि तिचा नफा ५ टक्केच असेल, तर तीच ६ टक्के लेव्ही तिच्या सगळ्या नफ्यापेक्षा मोठी होते. तोट्यातल्या कंपनीलाही ती भरावी लागते. म्हणजे ज्या बलाढ्य कंपन्यांसाठी नियम केला, त्यांना तो सर्वांत सोसण्याजोगा, आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या छोट्यांना सर्वांत जाचक.

दोन टक्के आणि अमेरिकेचा बडगा

२०२० मध्ये सरकारने लेव्हीचा विस्तार केला. १ एप्रिल २०२० पासून परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांना भारतातल्या विक्रीवर २ टक्के लेव्ही लागू झाली. भारतातली उलाढाल वर्षाला दोन कोटी रुपयांहून कमी असेल तर सूट होती. ही लेव्ही ग्राहकाने कापायची नव्हती, कंपनीने स्वतः भरायची होती. जाहिरातीच्या लेव्हीत दुकानदारावर आलेला बोजा टाळण्याचा तो एक मार्ग होता.

पण इथेही मोजण्याचा प्रश्न आलाच. परदेशी संकेतस्थळावरून तुम्ही १० हजार रुपयांचे हॉटेल बुक केले असे धरा. संकेतस्थळाचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे त्यातले दलालीचे दीड हजार. लेव्ही मात्र पूर्ण १० हजारांवर, म्हणजे २०० रुपये. दीड हजाराच्या कमाईवर २०० म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक, आणि नफ्याच्या तुलनेत त्याहून कितीतरी जास्त. कंपनी मालाची मालक असो वा नसो, पूर्ण किंमत धरायची, हे २०२१ च्या वित्त कायद्याने स्पष्टच केले.

यानंतर अमेरिका उतरली. १९७४ च्या तिच्या व्यापार कायद्यात कलम ३०१ आहे. दुसऱ्या देशाची धोरणे अमेरिकी व्यापाराला अन्यायकारक वाटली, तर चौकशी करून आयात शुल्क लावण्याचा अधिकार ते कलम देते. जून २०२० मध्ये चौकशी सुरू झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताची लेव्ही अमेरिकी कंपन्यांविरुद्ध भेदभाव करते असा निष्कर्ष निघाला. फ्रान्स, ब्रिटन, इटली, स्पेन, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांच्या डिजिटल करांचीही अशीच चौकशी झाली. भारताच्या बाबतीत कोळंबी, बासमती तांदूळ, सोन्याचे दागिने अशा मालावर २५ टक्के शुल्क लावण्याचा प्रस्ताव आला. त्यातून मिळणारी रक्कम साधारण साडेपाच कोटी डॉलर ठेवली होती, कारण लेव्हीमुळे अमेरिकी कंपन्यांना वर्षाला तितकेच द्यावे लागेल असा अंदाज होता. ज्याचा ऑनलाइन जाहिरातींशी काडीचाही संबंध नाही, त्या कोळंबी निर्यातदाराला त्याची किंमत मोजायला लावण्याची ही तयारी होती. शुल्क पुढे स्थगित झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही देशांत तात्पुरता समझोता झाला. जागतिक तोडगा येईपर्यंत भारत लेव्ही चालू ठेवेल आणि अमेरिका शुल्क लावणार नाही, असे ठरले.

त्याच काळात कंपन्यांनीही आपले उत्तर शोधले. ब्रिटनच्या डिजिटल कराला उत्तर म्हणून गूगलने तिथल्या जाहिरातदारांच्या बिलावर २ टक्के आणि ऑस्ट्रियात ५ टक्के आकार लावला. भारतात दिसणाऱ्या जाहिरातींवरही २०२१ मध्ये २ टक्के आकार लागला. कोल्हापूरच्या दुकानदाराच्या बाबतीत जे झाले, तेच जगभर झाले. बाजारात ज्याचे वर्चस्व असते तो कर पुढे ढकलू शकतो, आणि ज्याला पर्याय नसतो तो भरतो.

जागतिक तोडगा आणि त्याचे गणित

तो जागतिक तोडगा ओईसीडी या संघटनेच्या पुढाकाराने आखला जात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतासह १३६ देशांनी त्याचा आराखडा मान्य केला. त्याच्या पहिल्या भागाचा गाभा समजून घेण्यासारखा आहे, कारण शंभर वर्षांत पहिल्यांदा त्यात जागेची अट सोडून दिली होती. ज्या कंपनीची जागतिक उलाढाल २,००० कोटी युरोंहून जास्त आणि नफा १० टक्क्यांहून जास्त, ती यात येणार. नफ्यातला पहिला १० टक्के भाग नेहमीच्या नियमांनी. त्यावरच्या जादा नफ्यातला चौथा हिस्सा बाजाराच्या देशांत, तिथल्या विक्रीच्या प्रमाणात वाटायचा. तिथे कार्यालय असो वा नसो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिची उलाढाल ३,००० कोटी युरो आणि नफा २५ टक्के, म्हणजे ७५० कोटी. पहिला १० टक्के भाग ३०० कोटी. उरलेला जादा नफा ४५० कोटी आणि त्याचा चौथा हिस्सा साडेबाराशे नव्हे, ११२ कोटी ५० लाख. भारतातली विक्री एकूण विक्रीच्या ८ टक्के असेल तर भारताच्या वाट्याला ९ कोटी युरो नफा येतो. त्यावर परदेशी कंपन्यांचा ३५ टक्के दर लावला तर कर होतो सुमारे ३ कोटी १५ लाख युरो. आता जुनी पद्धत पाहा. भारतातली विक्री २४० कोटी युरो. त्यावर २ टक्के लेव्ही ४ कोटी ८० लाख आणि ६ टक्के लेव्ही असती तर १४ कोटी ४० लाख.

या आकड्यांत विकसनशील देशांची सगळी खंत आहे. तत्त्व मान्य झाले, पण वाटा लहान राहिला. आणि तो घेण्याच्या बदल्यात आपापले डिजिटल कर कायमचे सोडायचे होते. तरीही या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती. कर नफ्यावर होता आणि दुहेरी करआकारणी टाळण्याची सोय होती, म्हणजे लेव्हीचे दोन्ही दोष त्यात नव्हते.

२०२३ मध्ये बहुपक्षीय कराराचा मसुदा प्रसिद्ध झाला. पण अशा कंपन्यांचा मोठा भाग अमेरिकी असल्यामुळे अमेरिकेच्या मंजुरीशिवाय तो लागू होणे शक्य नव्हते आणि ती मिळाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेताच या जागतिक कर कराराला अमेरिकेत काहीही बळ नाही, असे जाहीर केले.

त्यानंतर एकेक देश मागे सरू लागला. भारताने २ टक्के लेव्ही आधीच, १ ऑगस्ट २०२४ पासून, काढली होती. ऑनलाइन जाहिरातींवरची ६ टक्के लेव्हीही १ एप्रिल २०२५ पासून गेली. तेव्हा अमेरिकेच्या नव्या आयात शुल्कांची टांगती तलवार होती आणि व्यापार कराराची बोलणी चालू होती. कॅनडाने ३ टक्के डिजिटल कराचा कायदा केला होता आणि पहिला हप्ता ३० जून २०२५ ला भरायचा होता. ट्रम्प यांनी व्यापाराची बोलणी थांबवताच, आदल्या रात्री कॅनडाने कर मागे घेतला. ब्रिटन आणि फ्रान्सने मात्र आपले कर तेव्हाही टिकवले होते.

आता हातात काय आहे

लेव्ही गेली म्हणजे परदेशी ऑनलाइन कंपन्या भारताला काहीच देत नाहीत, असा समज होऊ नये. तुम्ही परदेशी कंपनीकडून चित्रपटांची वर्गणी किंवा अॅप घेता, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २०१७ पासून अशा कंपन्यांना भारतात कार्यालय नसले तरी जीएसटी नोंदणी करून तो भरावा लागतो. इथे जागेचा प्रश्नच येत नाही, कारण जीएसटी हा ग्राहकाच्या खर्चावरचा कर आहे आणि ग्राहक कुठे आहे हे त्याच्या पत्त्यावरून, कार्डावरून आणि आयपी पत्त्यावरून कळते. म्हणूनच जगभर डिजिटल सेवांवरचा हा कर फारशा वादाविना चालतो. पण तो ग्राहकाच्याच खिशातून येतो. कंपनीच्या नफ्यातला वाटा ही वेगळी गोष्ट आहे आणि तो अजूनही बाहेरच आहे.

नफ्यासाठी आपल्या आयकर कायद्यात एक तरतूद पडून आहे. २०१८ मध्ये तिला ‘लक्षणीय आर्थिक अस्तित्व’ असे रूप दिले गेले. परदेशी कंपनीचे भारतातून येणारे उत्पन्न दोन कोटी रुपयांच्या वर असेल किंवा तिचे तीन लाख वापरकर्ते इथे असतील, तर जागा नसली तरी तिचे इथे व्यावसायिक नाते आहे असे धरायचे. बाजारालाच जागा मानणारी ही तरतूद आहे. पण ती आयकर कायद्यात आहे, त्यामुळे अमेरिका, आयर्लंड, सिंगापूर यांच्याशी असलेल्या करारांपुढे तिचे काही चालत नाही. ती खरी कामाला येते ते ज्या देशांशी आपला करार नाही तिथल्या कंपन्यांच्या बाबतीत, आणि मोठ्या कंपन्या तिथे नसतात.

गेल्या दहा वर्षांच्या या प्रवासातून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. लेव्ही ही करारांना वळसा घालण्याची युक्ती होती. तिने प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले, इथल्या माध्यमांची बाजू मांडली, आणि हे श्रेय तिचे आहे. पण वळसा घालून काढलेल्या वाटेला कराराचे संरक्षण नसते. म्हणून तिचा बोजा इथल्या जाहिरातदारावर सरकला आणि ताकदवान देशाने बडगा उगारताच ती सोडावी लागली. ज्या कराच्या मागे दोन देशांची सही नाही, तो एका देशाच्या मर्जीवर टिकत नाही.

काम करायचे ते मूळ करारांतच. याची सुरुवात झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारात २०२१ मध्ये १२ब हे कलम आले. त्यात स्वयंचलित डिजिटल सेवांवर बाजाराच्या देशाला कर लावण्याचा हक्क दिला आहे, आणि दर दोन्ही देशांनी ठरवायचा आहे. कंपनीला हवे असेल तर एकूण रकमेऐवजी नफ्यावर कर भरण्याची सोयही त्यात आहे. याशिवाय संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय करसहकार्याच्या चौकट-कराराची बोलणी सुरू आहेत आणि २०२७ पर्यंत ती संपवायची आहेत. सोबत होणाऱ्या पहिल्या दोन जोडकरारांपैकी एक सीमापार सेवांवरच्या करासाठी राखला आहे. अमेरिका त्यातून बाहेर पडली आहे. तरीही भारताचे करार फक्त अमेरिकेशी नाहीत. जाहिरातीची बिले ज्या आयर्लंड आणि सिंगापूरमधून येतात, त्यांच्याशीही करार आहेत, आणि करार फेरबोलणीने बदलता येतात. मॉरिशस आणि सिंगापूरच्या करारांतली शेअर्सच्या नफ्यावरची सवलत भारताने २०१६ मध्ये अशीच बदलून घेतली. त्याआधी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला होता.

तेव्हा पुढचा व्यापार करार होताना किंवा एखादा जुना करकरार फेरबोलणीला येताना विचारायचा प्रश्न एकच आहे. त्या कागदावर भारतातला वापरकर्ता आणि भारतातला ग्राहक यांना नफ्याच्या वाटणीत स्थान दिले आहे का? ते स्थान करारात लिहून घेतले, तर कोलकात्यातल्या फुलविक्रेत्याच्या जाहिरातीवरचा कर आयर्लंडमधल्या कंपनीच्या नफ्यातून येईल. नाहीतर अर्थसंकल्पात आलेली प्रत्येक नवी लेव्ही पुन्हा इथल्याच दुकानदाराच्या बिलात जाऊन बसेल.